ताटात गहू नाही, तरी पोटात गहू

सांगली जिल्ह्यातील एका गावात नऊ माणसांचे एकत्र कुटुंब राहते. घरात आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे आहेत. त्यांतील थोरल्या मुलाची मुलगी अकरा वर्षांची असताना तिची उंची वाढणे थांबले. पोट फुगलेले, चेहरा फिकट, हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही त्यात फरक नाही, अशी तिची अवस्था होती. बालरोगतज्ज्ञांनी रक्तातील ‘टीटीजी-आयजीए’ ही तपासणी करण्यास सांगितले. ज्या प्रयोगशाळेत सामान्य मर्यादा 20 होती, तेथे मुलीचा आकडा 200 च्या वर गेला. पुढे दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासल्यावर सीलिअ‍ॅक आजाराचे निदान पक्के झाले.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या शरीरात ही प्रथिने गेली की, त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर उलटते. या अस्तरावर मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात आणि अन्नरस त्यांच्यातूनच शोषला जातो. हे अंकुर झिजून सपाट झाले की पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. हा दोष धान्याचाच आहे हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दाखवून दिले. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पावाची टंचाई झाली, तेव्हा या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. आजही या आजारावर औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे.

या कुटुंबाने तो निष्ठेने स्वीकारला. त्या भागात ज्वारीची भाकरी रोजचीच असल्याने अडचणही फारशी वाटली नाही. मुलीच्या ताटातून पोळी, शिरा, शेवया, बिस्किटे आणि खाकरा गेला. भाकरी, भात, मूग आणि नाचणी आली. सहा महिन्यांनी आकडा 118 वर उतरला. घरात समाधान पसरले. परंतु वर्ष भरले तेव्हा तो 104 वर अडकून होता. हिमोग्लोबिन नऊच्या पुढे जाईना आणि पोटदुखी अधूनमधून परत येऊ लागली.

मग घरात एक कटू प्रश्न उभा राहिला. मुलगी शाळेत चोरून काही खाते काय? काकांनी तिच्या दप्तराची झडती घेतली. आईने मैत्रिणींकडे चौकशी केली. “आजी, मी खरंच काही खाल्लेलं नाही,” असे मुलगी रडत सांगत राहिली, पण आकड्यापुढे तिचा शब्द कोणाला खरा वाटेना.

या टप्प्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी आईला एक निराळेच काम दिले. “ती काय खाते हे मला आता नको. तिचं अन्न शिजण्याआधी, शिजताना आणि वाढताना कशाकशाला लागतं, ते आठवडाभर लिहून आणा,” असे त्या म्हणाल्या. ती आठ दिवसांची वही हाच या लेखाचा विषय आहे. कारण तिच्यात जे सापडले, ते कमी-अधिक प्रमाणात पोळी लाटणाऱ्या प्रत्येक घरात आहे.

किती गहू म्हणजे फार?

वही वाचण्यापूर्वी एक हिशेब समजून घ्यावा लागतो. बहुतेक रुग्णांना दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लूटेन बाधत नाही, असे सामान्यतः मानले जाते. उलट, रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याच्या अंकुरांना इजा होते, असे 2007 साली इटलीतील संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले. ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी आपल्याकडील खाद्यसुरक्षा नियमांनी आणि आंतरराष्ट्रीय मानकांनी घातलेली मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. तिलाच 20 पीपीएम म्हणतात.

आता हे आकडे पिठाच्या भाषेत मांडू. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात ढोबळमानाने 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे 10 मिलिग्रॅम हे केवळ एक दशांश ग्रॅम पिठात भरते. दोन बोटांच्या लहानशा चिमटीत याहून अधिक पीठ मावते. चहाच्या एका चमचाभर पिठात तर रुग्णाला तीन-साडेतीन आठवडे पुरेल एवढे ग्लूटेन बसते. शिवाय ग्लूटेन हे जंतू नव्हे. तापवून, भाजून वा तळून ते मरत नाही. “तव्यावर जळून जाते” हा समज या ठिकाणी उपयोगाचा नाही. ते धुऊन किंवा पुसून बाजूलाच करावे लागते.

घरघंटीचा हिशेब

वहीच्या पहिल्याच पानावर घरघंटी होती. आजी शोधाचे भोजन पाळतात. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मानल्यामुळे त्या घरी पीठ एकदम दळून ठेवले जात नाही. दर तीन-चार दिवसांनी घरघंटी सुरू होते. आधी घरासाठी गहू दळला जाई आणि मग त्याच घंटीत नातीसाठी दोन किलो ज्वारी. मध्ये पिठाचा डबा आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसली जाई.

घरघंटीच्या दळणकक्षात, जाळीच्या कडेला आणि विशेषतः पीठ गाळणाऱ्या कापडी पिशवीत बरेच पीठ अडकून राहते. ते पुढच्या दळणात उतरते. ते केवळ 20 ग्रॅम आहे असे धरले, तरी त्यात सुमारे 1800 मिलिग्रॅम ग्लूटेन झाले. ते दोन किलो ज्वारीत मिसळले म्हणजे किलोमागे 900 मिलिग्रॅम. मर्यादा 20 ची आणि पीठ 900 चे! साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून मुलीच्या पोटात 54 मिलिग्रॅम ग्लूटेन जात होते आणि दिवसाकाठी ती तीन भाकऱ्या खात होती. ज्या भाकरीवर घराचा सर्व भरवसा होता, तीच भाकरी तिला रोज गहू देत होती. मुलगी खरे बोलत होती.

सार्वजनिक गिरणीतही हेच घडते, उलट अधिक घडते. कारण तेथे आधीचे दळण कोणाचे आणि कशाचे हे आपल्या हाती नसते. “आधी थोडे तांदूळ दळून मग ज्वारी टाका” या युक्तीने प्रमाण कमी होते, परंतु किती कमी झाले हे घरी कळण्याचा मार्ग नाही. म्हणून गव्हासाठी वापरलेली घंटी रुग्णासाठी वापरू नये, हाच यातील स्वच्छ नियम आहे. दगडी जात्यावर पूर्वी गहू दळला असेल तर तेही चालत नाही, कारण दगडाच्या टाक्यांत बसलेले पीठ निघत नाही. बाजारातील सुट्या बेसनाची, तांदळाच्या वा नाचणीच्या पिठाची गत वेगळी नाही. धान्य अख्खे आणावे, निवडावे, धुऊन वाळवावे आणि स्वतंत्र घंटीत दळावे.

चाळणीची गोष्ट याला जोडूनच येते. जीवदयेच्या नियमाने आपल्या घरांत प्रत्येक पीठ चाळल्याशिवाय वापरले जात नाही. या घरात एकाच बारीक चाळणीने गहू, ज्वारी, बेसन असे सर्व चाळले जाई. चाळणीच्या तारांच्या विणीत पीठ घट्ट बसते. झटकल्याने ते पडत नाही आणि धुतले तरी कडेच्या पट्टीखाली राहते. चाळणी स्वतंत्रच हवी. तिची किंमत शंभर-दीडशे रुपये असते, तेव्हा यात विचार करण्यासारखे काही नाही.

हवेत उडणारे पीठ

वहीतील दुसरी मोठी नोंद संध्याकाळची होती. घरात सर्वांचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. हिवाळ्यात पाच वाजता स्वयंपाकघरात दोन्ही सुना एकाच ओट्यावर काम करीत. थोरली भाकरी थापी, धाकटी पोळ्या लाटी. पोळीला लावायची कोरडी पिठी दोघींच्या मध्ये उघड्या ताटलीत असे. लाटताना आणि पोळी झटकून तव्यावर टाकताना ही पिठी उडते आणि बराच वेळ हवेत राहते. मग ती भाकरीच्या परातीत, उघड्या भाताच्या पातेल्यात, वाळत ठेवलेल्या ताटांवर सावकाश बसते. कणीक मळण्यासाठी डब्यातून पीठ परातीत ओतण्याचा क्षण आणि घरघंटीचे झाकण उघडण्याचा क्षण हे यांतले सर्वांत वाईट.

यावर उपाय अंतराचा नसून वेळेचा आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी क्रम बदलून दिला. सकाळी प्रथम ओटा ओल्या फडक्याने पुसावा, कारण कोरड्या फडक्याने धूळ पुन्हा उडते. मग मुलीचे सर्व अन्न शिजवून झाकून बाजूला ठेवावे आणि त्यानंतरच गव्हाच्या पिठाचा डबा उघडावा. संध्याकाळसाठी घराने त्याहून सोपा निर्णय घेतला. संध्याकाळी गहू कोणासाठीच नाही. सर्वांना भाकरी किंवा भात. नऊ माणसांपैकी एकट्या धाकट्या काकांनी आठवडाभर कुरकुर केली. परंतु दिवसातला अर्धा स्वयंपाक या एका निर्णयाने निर्धोक झाला आणि सूर्यास्ताच्या घाईत चूक होण्याचे कारणच उरले नाही.

टोस्टर, तवा आणि उकळते पाणी

या घरात ब्रेड टोस्टरही होता. मुलीसाठी शहरातून तांदळाचा ग्लूटेनमुक्त पाव आणला जाई आणि तो त्याच टोस्टरमध्ये भाजला जाई. टोस्टरच्या जाळीवर आणि तळाच्या ट्रेवर गव्हाच्या पावाचा चुरा साठतो व दुसऱ्या पावाला लागतो, हे उघड आहे. तथापि धोक्याची उतरंड नीट लावायची तर येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सामायिक टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लूटेनमुक्त पावाची तपासणी केली, तेव्हा ग्लूटेन 20 पीपीएमच्या आतच आढळले. याउलट गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लूटेनमुक्त पास्ता शिजवला, तेव्हा ते प्रमाण मर्यादेबाहेर गेले.

अभ्यास लहान होता, म्हणून टोस्टर निर्धास्तपणे एकत्र वापरावा असा त्याचा अर्थ होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. कोरडा चुरा अन्नाला वरवर लागतो. पाण्यात किंवा तेलात विरघळलेले, सुटलेले पीठ अन्नात सर्वत्र मुरते. म्हणून शेवया उकळलेल्या पाण्यात तांदळाच्या शेवया कधीही शिजवू नयेत. पुऱ्या, शंकरपाळे किंवा समोसे तळलेल्या तेलात मुलीसाठी पापड तळू नये. त्या तेलाच्या तळाशी पिठाचा गाळ असतो. टोस्टरच्या बाबतीत या घराने पैसे खर्च केले नाहीत. मुलीचा पाव आता तिच्या स्वतःच्या तव्यावर भाजला जातो. सँडविचच्या बंद साच्यात मात्र तो घातला जात नाही. कारण साच्याच्या खाचांत अडकलेला चुरा काढता येत नाही आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यामुळे तो पावात रुततो.

भांड्यांचा विचारही याच कसोटीने करता येतो. स्टीलची पातेली, वाट्या, चमचे आणि ताटे साबणाने नीट घासून वाहत्या पाण्यात धुतली तर सर्वांसाठी चालतात. त्यांचा वेगळा संच करण्याचे कारण नाही. ज्यांना भेगा, छिद्रे, विण किंवा खरबरीत पृष्ठभाग आहे, ती मात्र वेगळी हवीत. लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी उलथणे, काठवट, चाळणी, बिडाचा तवा आणि ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा ही ती यादी. घासणीही वेगळी हवी. कणकेची परात घासल्यावर घासणीच्या तारांत कणकेचे धागे गुंततात आणि पुढच्या पातेल्याला लागतात. कणकेची परात आधी पाण्यात भिजवावी, हाताने निपटून काढावी आणि सर्वांत शेवटी घासावी.

न दिसणारी दारे

वहीच्या शेवटच्या पानांवर तीन लहान नोंदी होत्या. पहिली तुपाच्या भांड्याची. गरम पोळीवर तूप लावून तोच चमचा परत भांड्यात जाई आणि त्याच तुपाची फोडणी मुलीच्या वरणावर पडे. भांड्याच्या तळाशी पिठाचा करडा थर आईने स्वतः पाहिला. लोणचे, चटणी आणि गूळ यांचेही असेच होते. मुलीसाठी तुपाची व लोणच्याची लहान बरणी वेगळी भरून तिला लाल दोरा बांधला, एवढ्याने हे दार बंद झाले.

दुसरी नोंद वाढण्याची. एकच डाव आधी दलियाच्या खिरीत आणि मग भाजीत फिरे. आता मुलीचे ताट सर्वांच्या आधी वाढले जाते. दिसण्यात हा लाड वाटतो, पण त्यामागे हा हिशेब आहे.

तिसरी नोंद हिंगाची. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकात हिंग प्रत्येक आमटीत, प्रत्येक भाजीत पडतो. बाजारातील बांधानी हिंगात शुद्ध हिंगाचा अंश थोडा असतो. उरलेला भाग डिंक आणि पीठ यांचा, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. चिमूटभर म्हणजे पाव ग्रॅमहून कमी हिंगात निम्मे गव्हाचे पीठ धरले, तरी आमटीच्या पातेल्यात 9-10 मिलिग्रॅम ग्लूटेन पडते. ते नऊ जणांत वाटले की मुलीच्या वाटीत जेमतेम एक मिलिग्रॅम येते. एका वाटीपुरते हे नगण्य आहे; मात्र दिवसभरात चार-पाच पदार्थांतून ते जमा होते आणि दिवसाच्या मर्यादेचा निम्मा भाग खाऊन टाकते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. पाकिटावरील घटकांत गहू किंवा मैदा आहे का हे वाचावे. ग्लूटेनयुक्त धान्य असेल तर तसे छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. सुटा हिंग घेऊ नये.

आजींचा निर्णय

वही वाचून झाल्यावर घरातील सर्वांना प्रश्न पडला तो आजींचा. शोधाच्या स्वयंपाकघरात अमक्याने हे करू नये, तमके शिवू नये, असे बाहेरच्या बाईने सांगितलेले त्यांना रुचेल का? धाकट्या सुनेने भीतभीतच विषय काढला, “आई, घंटी दुसरी घ्यावी लागेल म्हणतात.” आजींनी सगळे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, “मुनींच्या आहारासाठी भांडी वेगळी ठेवतो, पाणी वेगळं गाळतो, कोण कुठं शिवलं ते लक्षात ठेवतो. आयुष्यभर हेच केलंय. मग नातीसाठी करायला काय जड आहे?”

खरोखर, घरातील कोणाहीपेक्षा त्यांना ते अधिक जमले. स्वयंपाकघरातील खिडकीजवळचा कोपरा त्यांनी मुलीसाठी नेमला. तेथे तिचा तवा, परात, पोळपाट-लाटणे, चाळणी, घासणी आणि लाल दोऱ्याच्या बरण्या ठेवल्या. हे कपाट वरच्या बाजूस ठेवले. कारण पीठ खाली पडते, वर चढत नाही. जुनी घरघंटी परसदारी हलवली आणि गव्हाचे दळण तेथेच होऊ लागले. ज्वारी, तांदूळ आणि नाचणीसाठी लहान नवी घंटी आली. तिच्यात गहू कधीही पडणार नाही, हे आजींनी घरातील प्रत्येकाकडून वदवून घेतले. जुने ज्वारीचे पीठ, तूप आणि हिंग गव्हाचे जेवण जेवणाऱ्यांनी संपवले. वाया काही गेले नाही.

सहा महिन्यांनी मुलीचा आकडा 47 वर आला आणि आणखी सहा महिन्यांनी 18 वर. हिमोग्लोबिन बाराच्या जवळ पोहोचले. दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या उंचीच्या खुणा दोन वर्षे एकमेकींना चिकटून होत्या. नवी खूण त्यांच्यापासून चार बोटे वर पडली.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. टीटीजीचा आकडा सावकाश उतरतो. महिनाभरात तो बदलला नाही म्हणून प्रयत्न फसले असे समजू नये. सहा महिन्यांच्या अंतराने पाहावा. तसेच आकडा सामान्य झाला म्हणजे ग्लूटेनचा कणही जात नाही असे सिद्ध होत नाही, कारण अगदी अल्प संपर्क या तपासणीत दिसत नाही. त्रास सुरूच असेल तर डॉक्टरांकडे परत जावे. आणि घरात कोणाला हा आजार असावा अशी शंका असेल तर तपासणीपूर्वी स्वतःहून गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्ताची आणि आतड्याची तपासणी फसवी येते. रुग्णाच्या आईवडिलांची व भावंडांची तपासणी मात्र अवश्य करून घ्यावी, कारण त्यांच्यात हा आजार इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. या घरात ती केली, तेव्हा आठ वर्षांच्या धाकट्या भावाचा आकडाही वाढलेला निघाला. त्याला काहीच त्रास नव्हता.

लाल दोऱ्याच्या बरण्या आता दोघांच्या आहेत. काकांनी पुतणीची क्षमा मागितली ती त्या वर्षीच्या क्षमावाणीच्या दिवशी, सर्वांसमोर. ती हसली आणि म्हणाली, “काका, दप्तर बघितलंत तेव्हाच घरघंटी बघायला हवी होती.”